शिफारशीची परतफेड

घड्याळबाई हे नाव त्यांना ट्रकच्या ड्रायव्हरांनी दिलं होतं, आणि ते प्रेमानं दिलं होतं असं मुळीच नाही. औषधांच्या एका मोठ्या गोदामात डिस्पॅच त्यांच्याकडे होता. सहाची गाडी सहाला म्हणजे सहाला. सहा वाजून चार मिनिटांनी एखादा ड्रायव्हर चहाचा कप घेऊन रेंगाळताना दिसला, की त्या तोंडातून ब्रही काढायच्या नाहीत. नुसत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. ड्रायव्हर उरलेला चहा कुंडीत ओतून गाडीकडे पळायचा. कुंडीतलं झाड त्यातच मेलं, पण गाड्या वेळेवर गेल्या.

आठ वर्षं असं चाललं. मग एका सोमवारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावून सांगण्यात आलं, की गोदाम दुसऱ्या शहरात हलतंय. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, बाकीच्यांना दोन महिन्यांची नोटीस.

घड्याळबाईंना जाणं शक्य नव्हतं. नवऱ्याची नजर गेल्या वर्षभरात इतकी अधू झाली होती, की समोरचा माणूस त्याला आवाजावरून ओळखावा लागे. या घरातल्या पायऱ्या, दारं, कोपऱ्यावरचं दुकान एवढं त्याला पावलांनी पाठ होतं. नव्या गावात नेऊन ठेवलं असतं तर तो खुर्चीतून उठलाच नसता. आणि घर चालत होतं ते बाईंच्या पगारावर. वय एकोणपन्नास. म्हणजे काय, तर दोन महिन्यांत या गावात दुसरी नोकरी मिळायलाच हवी होती, आणि या वयाच्या बाईला ती द्यायला कुणी दारात उभं नव्हतं.

सव्वा महिन्यात त्यांनी तीसेक ठिकाणी अर्ज केले. फोन दोन आले. त्यातला एक विमा विकणाऱ्याचा होता.

रविवारी नणंद आली. ती नवऱ्याची धाकटी बहीण, एका इस्पितळात एचआरला होती, आणि माणसांच्या अर्जांबद्दल तिचं मत जन्मजात वाईट होतं. तिनं बाईंचं नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल उघडलं आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"वहिनी, हा फोटो कुठला?"

"लग्नातला. कापून घेतलाय."

"ते दिसतंय. कुणाचा तरी खांदा राहिलाय त्यात." तिनं खाली सरकवलं. "आणि रेकमेंडेशन एकही नाही. आठ वर्षांत तुझ्याबद्दल चांगलं बोलणारा एक माणूस नाही?"

"ड्रायव्हर बोलतील. पण ते लिहिण्यासारखं नसेल."

नवरा खुर्चीत बसून हसला. नणंद नाही हसली. ती म्हणाली, "चेष्टा नको. आमच्याकडे शंभर अर्ज येतात. सगळे स्वतःला कष्टाळूच म्हणवतात. ज्यानं काम पाहिलंय अशा कुणाच्या चार ओळी असल्या, तर नजर थांबते. तुझ्या मॅनेजरला विचार."

मॅनेजरला बाईंनी आधीच विचारलं होतं. त्यानं हात झटकले होते. कंपनीचा नियम असा, की जाणाऱ्या माणसाला फक्त दाखला द्यायचा: या तारखेपासून या तारखेपर्यंत, हुद्दा अमुक. बरं नाही, वाईट नाही. आठ वर्षांत एकही गाडी न चुकवणाऱ्या बाईला आणि तीन महिन्यांत हाकललेल्या चोराला त्या कंपनीतून एकच कागद मिळत होता.

तेव्हा बाईंना भाऊ आठवले.

भाऊ म्हणजे नोकरी लावून देणारा एजंट. आठ वर्षांपूर्वी त्यानंच त्यांना या गोदामात पाठवलं होतं. त्याआधी सासूच्या आजारपणात बाईंची तीन वर्षं घरात गेली होती आणि त्या तीन वर्षांकडे बोट दाखवून जो तो त्यांना परत पाठवत होता. या माणसानं मात्र कंपनीला पटवलं. आणि नुसतं लावून दिलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा. "ताई, जमतंय ना? कुणी त्रास देत नाही ना? घाई करू नका हं, रुळाल." दुसऱ्याच आठवड्यात बाई राजीनामा खरडून पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या, तो या फोनमुळे पर्समध्येच राहिला. त्यांनी त्याचा नंबर 'नोकरीवाले भाऊ' म्हणून ठेवला होता. सख्खा भाऊ त्यांना नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी निरोप लिहिला. चारदा खोडला आणि पाचव्यांदा पाठवला.

"नमस्कार भाऊ. ओळख असेलच. आठ वर्षांपूर्वी तुम्ही मला औषधांच्या गोदामात लावलंत. आता ते गोदाम इथून हलतंय, म्हणून नवीन काम शोधतेय. माझ्या प्रोफाइलवर तुमच्या चार ओळी मिळाल्या तर फार मदत होईल. मोठं काही नको. मला कशासाठी निवडलंत आणि मी तिथे टिकले, एवढंच. तुमच्याबद्दल मीही आनंदानं लिहीन. नाही जमलं तरी राग नाही."

दहा मिनिटांत फोन वाजला.

"ताई! तुम्हाला विसरेन होय? डिस्पॅच! औषधं!" मागे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. बहुधा औषधं हा शब्द नुकताच पडद्यावर सापडला असावा, पण बाईंना तेव्हा तसं वाटलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"भाऊ, चारच ओळी—"

"चार कशाला, दहा लिहू. तुमचं काम म्हणजे काय! असं करा ताई, आधी तुम्ही माझं रेको, म्हणजे रेकमेंडेशन टाका. या आठवड्यात एका मोठ्या क्लायंटसमोर बसतोय. आम्ही लावलेली माणसं आमच्याबद्दल काय बोलतात ते आधी बघतात हे लोक. तुमचं आलं की लगेच माझं."

"टाकते ना. आजच टाकते."

"आणि तुमचं काय लिहू ते तुम्हीच चार ओळींत पाठवा. तुमचं काम तुमच्याइतकं कोण जाणतं? मी जरा फिरवून टाकतो. सगळे असंच करतात." टकटक थांबली. "बाकी, सध्या कुठे कुठे बोलणी चालू आहेत?"

बाईंनी आनंदानं सांगितलं. रंगाच्या कंपनीचं नवं गोदाम सुरू होतंय, डिस्पॅच सुपरवायझर हवाय, पहिली फेरी झाली, येत्या नाही, त्यापुढच्या बुधवारी दुसरी.

"अरे वा! थेट अर्ज केलात?"

"हो, त्यांच्याच साइटवर."

"छान, छान. तिथे एचआरला कोण बघतंय?"

बाईंनी मेल उघडून नाव वाचून दाखवलं. मेलच्या तळाशी नंबर होता, तोही दिला. कुणी तरी आपल्या भानगडीत इतका रस घेतंय यानं त्यांना भरून आलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यानं घराची किल्ली मागितली असती तरी त्यांनी दिली असती.

भाऊंबद्दल लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली.

"नोकरी लावून देणारे पुष्कळ भेटतात. लावून दिल्यावर विचारपूस करणारे मला हे एकच भेटले. पहिले तीन महिने दर शुक्रवारी यांचा फोन यायचा. मी नोकरी सोडायला निघाले होते, यांनी धीर दिला म्हणून टिकले. सख्खा भाऊ करणार नाही एवढं यांनी केलं. यांचा शब्द म्हणजे शब्द. यांनी सांगितलेल्या माणसावर कुणीही निःशंक विश्वास ठेवावा."

पाठवलं. त्यानं दोन मिनिटांत मंजूर केलं आणि हात जोडल्याची चार चित्रं पाठवली.

स्वतःबद्दल लिहायला मात्र नाकी नऊ आले. मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की, हे सगळं लिहून वाचलं तर एखाद्या हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीसारखं वाटत होतं. तासाभरानं नवरा म्हणाला, "मी सांगू?"

"तुम्ही काय सांगणार? गोदामात कधी आलात?"

"नाही आलो. पण आठ वर्षं तुझे फोन ऐकतोय." "गाडी उशिरा निघणार असेल, तर समोरच्यानं विचारायच्या आत तुझा फोन गेलेला असतो. आणि फोनवर तू कारणं सांगत नाहीस. किती वाजता पोचेल तेवढं सांगतेस."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण असं कौतुक त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी ते फक्त 'तू'च्या जागी 'ही' घालून जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे दोन ओळी स्वतःच्या घातल्या: "गोदाम कितीही तुंबलं तरी हिचा आवाज चढत नाही. अशा माणसाच्या हाती डिस्पॅच दिला, की बाकीच्यांनी घरी जाऊन निवांत झोपावं." आणि भाऊंना पाठवून दिलं.

"फारच सुंदर ताई!!" असं उत्तर आलं.

मग काही आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी आठवण केली तर "हो ताई, उद्या नक्की". गुरुवारी "मीटिंगमध्ये आहे". बाईंनी प्रोफाइल उघडून बघायचा सपाटा लावला. शनिवारी नणंद पुन्हा आली. तिनंही ते उघडलं आणि बाईंनी भाऊंना दिलेली शिफारस वाचली. तुम्ही दुसऱ्याला दिलेलीही तुमच्या प्रोफाइलवर दिसते. वाचता वाचता ती आधी हसली आणि मग तिचा चेहरा कसनुसा झाला.

"तीन महिने दर शुक्रवारी?"

"हो."

"आणि चौथ्या महिन्यात?"

बाईंनी आठवून पाहिलं. "मग मी रुळले होते ना."

"वहिनी, तू रुळली नव्हतीस, नव्वद दिवस भरले होते. या लोकांचा कंपनीशी करार असतो. लावून दिलेला माणूस नव्वद दिवसांत सोडून गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस फुकट द्यायचा, नाहीतर फी परत करायची. आमच्या इस्पितळातही असंच आहे. नव्वद दिवस हे लोक माणसाला तळहातावरच्या फोडासारखं जपतात." तिनं शिफारशीवर बोट ठेवलं. "हे आमच्या लाइनमधला कुणीही वाचेल ना, तर पोट धरून हसेल."

राग यायला हवा होता भाऊंचा. बाईंना आला नणंदेचा. "तुम्हा लोकांना सगळ्यात खोटच दिसते वन्सं. त्या फोनमुळे मी टिकले की नाही? माझ्यासाठी तो खराच होता."

"असेल." नणंदेनं वाद घातला नाही. मग सहज विचारावं तसं विचारलं, "रंगाच्या कंपनीचं काही बोलली नाहीस ना त्याच्याशी? थेट अर्ज केलेल्या माणसावर त्याला फी मिळत नाही. पण जागा कुठे निघालीय ते कळलं, की तो आपला माणूस तिथे घुसवतो. गोड बोलून हेच काढून घेतात ते."

"नाही बोलले," बाई म्हणाल्या आणि चहा करायला उठल्या. आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला, पण पातेलं ठेवायचं विसरल्या.

सोमवारी दुपारी भाऊंची शिफारस आली. बाईंनी ती लगेच उघडली. त्यानं ती फिरवली नव्हती. एक काना इकडचा तिकडे केला नव्हता. गाडी उशिरा निघणार असेल, समोरच्यानं विचारायच्या आत, बाकीच्यांनी निवांत झोपावं, सगळं जसंच्या तसं. तरी त्या हरखल्या. साइटनं विचारलं, प्रोफाइलवर दाखवायची का? त्यांनी लगेच हो म्हटलं. रात्री नवऱ्याला वाचून दाखवली तेव्हा तो लाजला. नणंदेला बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, की बघ, आली. मनात म्हणाल्या, उगाच माणसाला पाण्यात पाहतात हे लोक.

बुधवारी त्या रंगाच्या कंपनीत वीस मिनिटं आधी पोचल्या. काचेची खोली होती, टेबलावर रंगांच्या छटांची जाड पुस्तकं पडलेली, आणि खिडकीतून नवं गोदाम दिसत होतं, अजून रिकामं, जमिनीवर पिवळे पट्टे नुकतेच मारलेले. समोर दोघं. गोदामाचे प्रमुख, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आणि एचआरची तरुण बाई, लॅपटॉप घेऊन.

प्रमुखांनी विचारलं, "आठ गाड्या एकदम आल्या आणि माल चढवा-उतरवायला डॉक तीनच, तर काय कराल?"

"आठ एकदम येऊच देणार नाही. आदल्या दिवशीच वेळा वाटून देईन. आणि तरी आल्या, तर ज्या मालाला पुढे दुसरी गाडी पकडायचीय तो आधी. जो ड्रायव्हर जास्त ओरडतो त्याचा शेवटी."

प्रमुख मोठ्यानं हसले. पुढचा अर्धा तास मुलाखत राहिलीच नाही, दोन गोदामवाल्यांच्या गप्पा झाल्या. फुटलेले डबे कुठे ठेवायचे, चुकीचा माल परत आला तर नोंद कुणी करायची. बाईंनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं आणि आपलं टेबल कुठे लावायचं तेही मनात ठरवून टाकलं.

मग प्रमुखांनी एचआरकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "एक गोष्ट विचारायची होती. तुमच्या प्रोफाइलवर हे रेकमेंडेशन आहे." तिनं लॅपटॉप वळवला. "सोमवारचं. हेच, शब्दन् शब्द, आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराच्या प्रोफाइलवर आहे. फक्त 'ही'च्या जागी 'हा' आणि 'हिचा'च्या जागी 'याचा'. तिथे तारीख त्याआधीच्या गुरुवारची आहे."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या, जणू काही तिथे वेगळं लिहिलेलं असेल.

"देणारी व्यक्ती एकच आहे," ती पुढे म्हणाली. "तो उमेदवार आम्हाला त्यांनीच पाठवलाय. त्यामुळे त्याच्याकडे ही शिफारस असणं स्वाभाविक आहे. तुम्ही थेट अर्ज केलात. म्हणून विचारते, हे तुम्ही त्यांच्याकडून कसं मिळवलंत? त्याचं वाचून तसंच लिहून मागितलंत का?"

"ते माझं आहे," बाई म्हणाल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणाल्या, "ते शब्द माझे आहेत. त्याला मी दिलेत. त्यानं उचलून दुसऱ्याला चिकटवले."

"तुम्ही दिलेत म्हणजे?"

पुरावा हातात होता. बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, निरोप शोधला, तारीख दाखवली. रविवार, म्हणजे त्या गुरुवारच्या चार दिवस आधी. सगळे शब्द तिथे होते आणि खाली भाऊंचं "फारच सुंदर ताई!!" होतं. त्यांना वाटलं, झालं, सुटले.

एचआरच्या बाईनं ते नीट वाचलं. तिचा आवाज वाईट नव्हता, उलट थोडा मऊच झाला होता.

"म्हणजे ही शिफारस तुम्ही स्वतःच लिहिलीत."

दाखवलं नाही तर ओळी चोरलेल्या, आणि दाखवलं तर आपलीच आरती आपणच ओवाळलेली. त्यांच्या नवऱ्यानं खुर्चीत बसून, काही न दिसता, त्यांच्याबद्दल खरं तेच सांगितलं होतं. ते या काचेच्या खोलीत कुठल्या शब्दांत सांगायचं, तेच त्यांना सुचेना.

"सगळे असंच करतात, असं ते म्हणाले," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण तो माणूस खोटारडा आहे. मी जागेबद्दल सांगितलं म्हणून त्यानं आपला माणूस पाठवला इथे."

एचआरच्या बाईनं पडदा खाली सरकवला. तिथे बाईंनी दिलेली शिफारस होती. यांचा शब्द म्हणजे शब्द. यांनी सांगितलेल्या माणसावर कुणीही निःशंक विश्वास ठेवावा. खाली तीच रविवारची तारीख.

"हे तुम्ही दहा दिवसांपूर्वी लिहिलंय," ती म्हणाली. "आम्ही कुठलं खरं धरायचं?"

प्रमुख खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवत होते. शेवटी ते म्हणाले, "काम तुम्हाला येतं. त्यात प्रश्न नाही. पण इथे लाखोंचा माल तुमच्या सहीवर आत-बाहेर होणार. वरच्यांना मला उत्तर द्यावं लागतं." ते उठून उभे राहिले म्हणून बाईही उठल्या. दारापर्यंत ते सोडायला आले, आणि याचाच बाईंना जास्त अपमान वाटला.

फाटकाबाहेर बसस्टॉपचा बाक होता. तिथे बसून त्यांनी भाऊंचं प्रोफाइल उघडलं. त्यानं दिलेल्या शिफारशींमध्ये तो उमेदवार लगेच सापडला. टायरच्या गोदामातला, चाळिशीचा, भरघोस मिशांचा. त्याच्या फोटोखाली त्यांच्या नवऱ्याचं वाक्य होतं. बाईंना त्या क्षणी रडू आलं, आणि त्या सरळ रडल्या. दोन माणसं बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

मग त्यांनी फोन लावला.

"बोला ताई! कशी झाली मुलाखत?"

"माझ्या ओळी तुम्ही त्याला दिल्यात."

"अच्छा, ते होय! ओळी इतक्या छान होत्या ताई, आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडल्या. कुणीतरी चिकटवल्या असतील. पण त्यात काय एवढं?"

"त्यांनी मला चोर ठरवलं. मग मी तुमचा निरोप दाखवला."

"काय?" आता मात्र त्याचा आवाज चढला. "निरोप दाखवलात? अहो ताई, असं दाखवतात का कधी? माझी काय इज्जत राहिली तिथे? म्हणायचं ना, की सरांनी चुकून दोघांना एकच टाकलं, मला माहीत नाही. एवढं साधं!"

घड्याळबाईंना शिव्या येत होत्या. आठ वर्षं ड्रायव्हरांच्या संगतीत काढल्यावर येणारच. त्यातली एक जिभेवर आलीही. दुसऱ्या हातानं त्यांनी साइट उघडलीच होती. दिलेली शिफारस मागे घेता येते, दोन वेळा बोट टेकवलं की काम झालं. पहिलं बोट टेकवून झालं होतं. 'नक्की काढायची?' असं पडद्यावर आलं होतं.

"बरं, जाऊ दे, झालं ते झालं," भाऊ म्हणाला, आणि आवाज पुन्हा शुक्रवारचा झाला. "तुमच्यासाठी आहे ना मी. एक जागा आलीय. कोल्ड स्टोरेज आहे, गोठवलेला माल. डिस्पॅचच. रात्रपाळी आहे, पण बाईमाणूस चालेल म्हणालेत. या वेळी थेट अर्ज करू नका. माझ्यातर्फे जा, म्हणजे मी मागे उभा राहीन. एकोणपन्नास ना तुम्ही? दुसरं कोण उभं करणारे तुम्हाला?"

नोटिशीचे अकरा दिवस उरले होते. घरी नवरा वाट बघत असणार. दार उघडल्याचा आवाज आला की मान त्या दिशेला वळवणार आणि विचारणार. त्याला रात्री घरात एकट्याला ठेवावं लागेल हेही बाईंच्या मनात येऊन गेलं. आणि बाकी काही येण्याआधीच त्यांचं बोट पडद्यावरच्या 'नको' वर गेलं.

"कधी पाठवू बायोडेटा?" त्यांनी विचारलं. "सर" हा शब्द त्यांनी मागाहून जोडला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"आत्ताच पाठवा. आणि ताई, एक काम करा. माझ्या रेकोत एक ओळ वाढवा. त्या मोठ्या क्लायंटची मीटिंग उद्यावर गेलीय, तो बघणारे. लिहा, 'पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली, तेव्हा मला पहिली आठवण यांचीच झाली.' तुमच्याच पद्धतीनं लिहा, तुम्हाला छान जमतं."

बस आली आणि गेली. बाई बाकावरच बसून राहिल्या. शिफारस दुरुस्त करायला उघडली. निःशंक विश्वास ठेवावा, याच्या पुढे जागा घेतली आणि ती ओळ लिहिली. लिहून झाल्यावर दोनदा वाचली. तिच्यात खोटं असं एक अक्षरही नव्हतं.